सहलेखकांना पाठवायचा फेररचनेचा ई-मेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपरचा मसुदा जमला आहे, पण वाचताना घडी बसत नाही. विभागांचा क्रम बदलायला हवा, दोन-तीन विभाग एकत्र करायला हवेत आणि मग कोणी काय पुन्हा लिहायचं हेही ठरवायला हवं. हे सगळं एका ई-मेलमध्ये सहलेखकांपुढे मांडायचं असतं. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे आहेत. सोयीसाठी सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण घेतलं आहे: विदर्भातल्या एका तालुक्यातल्या विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड. लेखक चार. पीएचडीची विद्यार्थिनी, म्हणजे पहिली लेखिका. तिचे भूशास्त्राचे गाईड सर. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रसायनशास्त्राच्या मॅडम. आणि सांख्यिकी बघणारा, आता दुसऱ्या संस्थेत गेलेला सीनियर दादा.

असा ई-मेल खरंच लागतो का? फाइलमध्येच बदल करून पाठवले तर?

वाक्यं सुधारायची असतील तर फाइलच पाठवा. पण विभाग हलवणार असाल तर आधी विचारा. फाइल उघडल्यावर आपण लिहिलेला विभाग जागेवर दिसला नाही की माणूस तो शोधत बसतो. निम्मा सापडतो, उरलेला उडवला असं त्याला वाटतं, आणि मग नव्या क्रमावर बोलणं बाजूलाच राहतं. आपल्या उदाहरणात मॅडमनी लिहिलेला तपासणीचा विभाग तीन पानांवरून एका पानावर येणार आहे. मॅडमना हे फाइलमधून कळण्याआधी ई-मेलमधून कळलेलं बरं.

लिहायला बसण्याआधी काय हातात हवं?

मसुद्याची उलटी रूपरेषा. प्रत्येक परिच्छेदापुढे तो काय सांगतो हे एका ओळीत लिहून काढायचं. जे सांगायचं होतं ते नको, जे कागदावर प्रत्यक्ष आहे ते. बारा-पंधरा पानांच्या मसुद्याला एक दुपार जाते.

या यादीत दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिली, एकच मुद्दा किती ठिकाणी आला आहे. आपल्या मसुद्यात ‘पाण्यातलं कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइड विरघळलेलं राहतं’ हे प्रस्तावनेत आहे, भूशास्त्रात आहे आणि चर्चेत पुन्हा आहे. तिघांनी आपापल्या परीनं लिहिलं असल्यामुळे तीन ठिकाणी शब्द वेगळे आहेत, आणि समीक्षक नेमका त्या फरकावर बोट ठेवतो. दुसरी, वाचकाला ज्याची उत्सुकता आहे ते कितव्या विभागात येतं. या पेपरमध्ये फ्लोराइड किती आहे हे आठव्या विभागात कळतं. त्याआधी सातव्यात पाण्याचे रासायनिक प्रकार येतात, पण ते कशासाठी वाचायचे हे तोवर वाचकाला माहीतच नसतं.

ई-मेलमध्ये द्यायची कारणं याच यादीतून येतात. ‘प्रवाह सुधारेल’ असं लिहिलं की उत्तरात कोणीही ‘मला तर ठीक वाटतो’ म्हणू शकतं. ‘हा मुद्दा तीन ठिकाणी आहे’ याला तसं उत्तर देता येत नाही.

ई-मेल प्रत्यक्षात कसा दिसतो?

साधारण असा. चौघंही मराठी बोलणारे आहेत म्हणून मराठीत. सहलेखकांमध्ये एकही बाहेरचा असेल तर हाच मजकूर इंग्रजीत जाईल.

> विषय: फ्लोराइड पेपर – नवी विभागरचना, शुक्रवारपर्यंत हो/नाही हवं
>
> नमस्कार सर, मॅडम, दादा,
>
> मसुदा सलग वाचला. मजकूर पुरेसा आहे, पण बारा विभागांत विखुरला आहे. बाराचे सात करावेत असं सुचवते. आकडे, आकृत्या आणि निष्कर्ष यांतलं काहीही बदलत नाही.
>
> कशामुळे: (अ) कॅल्शियम–फ्लोराइडचं स्पष्टीकरण विभाग १, ३ आणि ११ अशा तीन ठिकाणी आहे. (आ) फ्लोराइडचे आकडे विभाग ८ पर्यंत येत नाहीत. (इ) आरोग्य-धोक्याचं सूत्र निकालांच्या मधोमध आलं आहे.
>
> जुना → नवा
> १ प्रस्तावना → १ (कॅल्शियमचा परिच्छेद नव्या ५ मध्ये)
> २ अभ्यासक्षेत्र + ३ भूशास्त्र → २
> ४ नमुने + ५ तपासणी + ६ सांख्यिकी → ३ पद्धती
> ८ फ्लोराइडचं प्रमाण → ४ फ्लोराइड कुठे आणि केव्हा
> ७ पाण्याचे प्रकार + ९ घटक विश्लेषण + ११ चर्चेचा पहिला भाग → ५ फ्लोराइड का वाढतं
> १० आरोग्य-धोका + ११ चर्चेचा उरलेला भाग → ६ (सूत्र नव्या ३ मध्ये)
> १२ समारोप → ७
> इलेक्ट्रोडच्या कॅलिब्रेशनचा तक्ता → पुरवणी माहिती
>
> कोण लिहिणार
> २ – सर. ३ – मी, मॅडम तपासतील. ४ – दादा. ५ – मॅडम. दादा घटक विश्लेषणाचा एक परिच्छेद आणि आकृती देतील, सर भूशास्त्र तपासतील. ६ – मी. १ आणि ७ – मी, पण ५ तयार झाल्यावर.
>
> तुमच्याकडून हवं: शुक्रवार संध्याकाळपर्यंत (१) क्रम मान्य आहे का, (२) तुमच्या नावापुढचा भाग जमेल का. क्रमाबद्दल काही कळवलं नाही तर मान्य आहे असं धरून शनिवारी विभाग हलवते. लिखाणाबद्दल मात्र उत्तराची वाट बघेन. शनिवारी नवी फाइल येईपर्यंत कृपया जुन्या फाइलमध्ये काही बदलू नये.

ई-मेलमध्ये तक्ता टाकलेला नाही हे मुद्दाम. सर ई-मेल गाडीत बसून मोबाइलवर वाचणार. तिथे तक्त्याचे रकाने एकमेकांत घुसतात. बाणांच्या ओळी कुठेही नीट दिसतात.

‘जुना → नवा’ एवढं बारीक कशाला? नवी अनुक्रमणिका दिली की पुरे नाही का?

नव्या अनुक्रमणिकेत काय राहिलं ते दिसतं, कुठे काय गेलं ते दिसत नाही. सहलेखक पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: माझं लिखाण कुठे आहे? म्हणून जुन्या मसुद्यातला प्रत्येक विभाग या ओळींत कुठेतरी सापडलाच पाहिजे, पुरवणीत गेलेला आणि कापलेलासुद्धा. पाठवण्याआधी जुने आकडे १ पासून १२ पर्यंत टिक करत जा. एखादा सुटला तर तो विभाग तुमच्याही डोक्यात अजून कुठे बसलेला नाही असं समजा.

फुटणाऱ्या विभागांकडे जास्त लक्ष द्या. इथे अकरावा, म्हणजे चर्चा, दोन ठिकाणी जातो आहे. ‘पहिला भाग’ म्हणजे कुठपर्यंत हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, बाकीच्यांना नाही. फाइलमध्ये त्या जागी एक टीप टाकून ठेवली की प्रश्न मिटतो.

कोणते विभाग एकत्र करावेत आणि कोणते नाहीत?

एकाचा अर्थ लावायला दुसरा लागत असेल तर एकत्र करा. भूशास्त्र हा स्वतंत्र विभाग असताना त्यात खडकांची वर्णनं येत राहतात, आणि त्यांतली कोणती माहिती फ्लोराइडसाठी लागते हे वाचकाला कळत नाही. अभ्यासक्षेत्राबरोबर ते आलं की नकाशावर कुठे बेसॉल्ट आहे, कुठे ग्रॅनाइट-नाइस आहे आणि विहिरी कशात खणल्या आहेत, एवढंच उरतं.

नव्या पाचव्या विभागातलं विलीनीकरण या पेपरचं खरं काम आहे. पाण्याचा प्रकार, घटक विश्लेषण आणि चर्चा यांत तिघं एकच गोष्ट सांगत होते. सोडियम-बायकार्बोनेट प्रकारचं, अल्कधर्मी पाणी. त्यात कॅल्शियम कमी. त्यामुळे फ्लोराइट या खनिजाच्या रूपानं फ्लोराइड बाहेर पडत नाही, ते पाण्यातच राहतं. मॅडमनी हे आयनांच्या प्रमाणातून दाखवलं, दादानं एकाच घटकावर सोडियम, बायकार्बोनेट आणि फ्लोराइड एकत्र आल्याचं दाखवलं, सरांनी खडकांतून. तीन वेगळ्या विभागांत ही तीन निरीक्षणं वाटतात. एकापाठोपाठ आली की एका दाव्याचे तीन पुरावे होतात.

उलट, निकाल आणि आरोग्य-धोका एकत्र करू नका. मोजलेलं फ्लोराइड हा निकाल आहे. मुलांना आणि मोठ्यांना त्यातून किती धोका, हा गृहीतकांवर उभा असलेला हिशोब आहे: रोज किती पाणी पितात, वजन किती, सुरक्षित मानलेला डोस किती. दोन्ही एका विभागात आले की गृहीतकांची शंका मोजमापांनाही चिकटते.

कोणी काय लिहायचं हे कशावरून ठरवायचं?

‘ज्यानं आधी लिहिलं तोच पुन्हा लिहील’ हे सोपं वाटतं, पण विलीन झालेल्या विभागाचे आधीचे लेखक दोन-तीन असतात. माझं मत स्पष्ट आहे: एका विभागाला एकच मालक. बाकीचे तुकडे देतील आणि तपासतील. दोघांच्या नावावर दिलेला विभाग दोघंही एकमेकांची वाट बघत सोडून देतात. आणि लिहिलाच तर त्यात दोन सूर राहतात, म्हणजे ज्यासाठी एकत्र केलं तेच होत नाही.

मालक निवडताना त्या विभागाचा मुख्य दावा कोणत्या विषयात आहे हे बघा. पाचव्याचा दावा पाण्याच्या रसायनशास्त्राचा आहे, म्हणून मॅडम. दादाकडे दिला असता तर विभाग घटकांच्या टक्केवारीपासून सुरू झाला असता. तिसऱ्या विभागात मजकूर मॅडमचा जास्त आहे, तरी तो विद्यार्थिनीकडे दिला, कारण तिथलं काम मुख्यतः कापण्याचं आहे आणि नमुने तिनंच गोळा केले आहेत. मॅडमनी फक्त इलेक्ट्रोड, बफर आणि मोजण्याची मर्यादा यांत चूक नाही ना, ते बघायचं.

तुकडा मागताना त्याची लांबी सांगा. ‘घटक विश्लेषणावर थोडं लिही’ म्हटलं तर दादा दोन पानं पाठवणार, आणि ती कापायचं अवघड काम मॅडमवर येणार. ‘एक परिच्छेद आणि एक आकृती’ म्हटलं की तेवढंच येतं.

प्रस्तावना आणि समारोप शेवटी ठेवा. पाचवा तयार होण्याआधी लिहिलेली प्रस्तावना पुन्हा लिहावीच लागते.

गाईडना आधी वेगळं सांगायचं का?

हो, आणि शक्यतो समोरासमोर. गाईड पत्रव्यवहाराचे लेखक असतील तर नक्कीच. चौघांना एकदम गेलेल्या ई-मेलमध्ये आपला भूशास्त्राचा विभाग आटल्याचं सरांना पहिल्यांदा कळणं बरं दिसत नाही, आणि मग सर ‘भेटून बोलू’ एवढंच उत्तर देतात. रूपरेषेचा कागद घेऊन केबिनमध्ये दहा मिनिटं बसा. तिथे सर दोन बदल सुचवतील, त्यातला एक बहुधा रास्त असेल.

पण ई-मेलमध्ये ‘सरांची परवानगी आहे’ असं लिहू नका. मॅडम आणि दादासाठी तो प्रस्ताव उरत नाही, परिपत्रक होतं. ‘सरांशी बोलून विभाग २ थोडा बदलला आहे’ एवढी माहिती पुरते.

मंजुरी मिळाल्यावर विभाग हलवणं आणि दुरुस्त करणं एकदमच केलं तर?

एकदम करू नका. ई-मेल कितीही छान लिहिला तरी गोंधळ होतो तो याच टप्प्यावर.

ट्रॅक चेंजेस चालू ठेवून तीन पानं वरून खाली नेली आणि जाता जाता त्यांतली वाक्यंही बदलली, तर फाइल लाल होते आणि कुठलं वाक्य नुसतं हललं, कुठलं खरंच बदललं, हे कोणालाच ओळखता येत नाही. गूगल डॉक्समध्ये सुचवण्याच्या मोडमध्ये कट-पेस्ट केलेला मजकूर एकीकडे खोडलेला आणि दुसरीकडे नवा घातलेला असा दिसतो. त्यात ‘१.५’ चा ‘१.०’ झाला तर कोण पकडणार? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडसाठी हे दोन्ही आकडे आहेत: लिटरमागे १.० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. दोन्ही आकडे ओळखीचे असल्यामुळे अदलाबदल डोळ्यांना खटकत नाही, पण मर्यादेबाहेरच्या विहिरींची संख्या मात्र बदलते.

म्हणून आधी फक्त हलवा. ट्रॅक चेंजेस बंद, एकाही वाक्याला हात नाही, जोडवाक्यंसुद्धा नकोत. वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंगची शैली दिलेली असेल तर डाव्या नेव्हिगेशन पट्टीत मथळा ओढला की पूर्ण विभाग त्याच्याबरोबर हलतो. ही फाइल वेगळ्या नावानं साठवून सगळ्यांना पाठवा. वाचायला ती ओबडधोबड असेल. तसं ई-मेलमध्ये सांगून टाका. त्यानंतर ट्रॅक चेंजेस चालू करून प्रत्येक जण आपला विभाग लिहायला घेतो. आता दिसणारी प्रत्येक लाल खूण खरा बदल असते.

मसुदा लाटेकमध्ये आणि गिटवर असेल तर हलवण्याचं एक कमिट आणि लिखाणाची त्यानंतरची. हलवलेल्या ओळींत चुकून काही बदललं का, हे हलवण्याच्या कमिटनंतर लगेच बघायला:

```
git diff --color-moved=dimmed-zebra HEAD~1
```

नुसत्या हललेल्या ओळी यात फिक्या दिसतात. विभागाच्या मधोमध एखादी ओळ नेहमीच्या लाल-हिरव्या रंगात उठून दिसली तर तिथे काहीतरी बदललं आहे.

क्रम बदलल्यावर काय काय तुटतं?

सगळ्यात आधी ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘पुढे बघू’, ‘मागच्या विभागात’ असली वाक्यं. ती कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाहीत. असे शब्द फाइलमध्ये शोधून एकेक बघावे लागतात. मग लघुरूपं. जुन्या विभाग ७ मध्ये उलगडून सांगितलेलं लघुरूप आता त्याच्या आधी वापरलं जातं का ते पाहा. आरोग्य-धोक्याचं सूत्र नव्या ३ मध्ये गेलं की नव्या ६ मध्ये त्याचा नुसता उल्लेख राहतो, आणि त्यातली चिन्हं दोन्हीकडे एकच असावी लागतात.

आकृत्यांचे क्रमांकही बदलतात. मजकुरात त्यांचा पहिला उल्लेख ज्या क्रमानं येतो त्या क्रमानं क्रमांक हवेत, असं बहुतेक जर्नलं मागतात. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स वापरले असतील तर `Ctrl+A` आणि मग `F9` दाबल्यावर ते ताजे होतात. कोणी आकडा हातानं टाइप केला असेल तर तो तसाच राहतो. ओळखायचं कसं? आकड्यावर क्लिक करा. करड्या पार्श्वभूमीवर उमटला तर फील्ड, नाही तर साधा मजकूर. लाटेकमध्ये हे सोपं आहे: `\label` आणि `\ref` असतील तर क्रमांक आपोआप बसतात, आणि दोनदा कंपाइल करूनही `??` दिसलं तर तेवढीच जागा दुरुस्त करायची.

संदर्भांची तीच गोष्ट. क्रमांकाची पद्धत असेल आणि एखाद्या सहलेखकानं आपला परिच्छेद ई-मेलमधून साध्या मजकुराच्या रूपात पाठवला असेल, तर त्यातला [१४] आता भलत्याच लेखाकडे बोट दाखवतो. हे पकडायला वाक्य वाचून त्या क्रमांकाचा लेख उघडून बघण्यावाचून इलाज नाही.

‘उत्तर आलं नाही तर मान्य समजेन’ असं लिहिणं उद्धटपणाचं नाही का?

विभागांच्या क्रमापुरतं चालतं, कारण तो परत फिरवता येतो. मुदतीत दोन-तीन कामाचे दिवस असावेत. परीक्षांचा हंगाम किंवा दिवाळी असेल तर जास्त. लिखाणाच्या वाटपाला हा नियम लावू नका. कोणाच्या गप्प बसण्यातून त्याच्यावर काम टाकता येत नाही.

अंतिम मसुद्यालाही हा नियम नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, हिच्या लेखकत्वाच्या चार निकषांत छापल्या जाणाऱ्या आवृत्तीला लेखकानं अंतिम मान्यता देणं हा एक निकष आहे, आणि फक्त वैद्यकीय नव्हे, इतर अनेक जर्नलंही तेच मागतात. सबमिट करण्याआधी चौघांचं लेखी ‘हो’ मेलबॉक्समध्ये असू द्या.

‘माझा विभागच उरला नाही, मग माझं नाव कितवं?’ असं कोणी विचारलं तर?

हा प्रश्न फेररचनेच्या धाग्यात सोडवू नका, पण टाळूही नका. त्या व्यक्तीला फोन करा. विभाग आटला म्हणून काम आटत नाही. लेखकांच्या योगदानासाठी असलेल्या, क्रेडिट नावाच्या १४ भूमिकांच्या यादीत मूळ मसुदा लिहिणं ही एक भूमिका आहे, आणि तपासणी, विदा सांभाळणं, औपचारिक विश्लेषण या तिच्याइतक्याच वेगळ्या भूमिका आहेत. मॅडमच्या तीन पानांचं एक पान झालं तरी सगळ्या नमुन्यांची तपासणी त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली, आणि योगदानाच्या निवेदनात ती तशीच लिहिली जाणार. नावांचा क्रम आधी ठरलेला असेल तर ई-मेलमध्ये एक ओळ घाला: ‘लेखकांचा क्रम ठरला आहे तोच.’ ठरलेला नसेल तर तो आधी ठरवा. विभाग एखादा आठवडा थांबतील.

जर्नलला ही रचना चालेल का?

ई-मेल पाठवण्याआधी लेखकांसाठीच्या सूचना उघडून बघा. काही जर्नलं निकाल आणि चर्चा एकत्र घेतात, काहींना चर्चा वेगळीच लागते, काहींत पद्धती शेवटी येतात. चर्चा वेगळी हवी असेल तर आपल्या उदाहरणातले नवे ४, ५ आणि ६ हे निकालांचे उपविभाग होतील आणि पाचव्यातला ‘का’चा भाग चर्चेत जाईल. त्याचा मालक तरीही मॅडमच. मथळे बदलतात, वाटप बदलत नाही.

कोणी अगदी वेगळाच क्रम सुचवला तर?

त्याच बाणांच्या ओळींत लिहून मागा. दादा म्हणाला, घटक विश्लेषण सगळ्यात आधी घेऊ, तर त्यानं जुने बाराही विभाग नव्या जागी बसवून दाखवावेत. बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या ओळीवर त्यालाच अडचण दिसते. दिसली नाही आणि रचना खरंच चांगली निघाली, तर दोन्ही प्रस्ताव एकाखाली एक ठेवून सगळ्यांना पाठवा आणि सरांना निवडायला सांगा. शनिवारचा सोमवार होईल, एवढंच.